ग्लूट ब्रिज करताना कंबरच का भरून येते?

उताणं झोपायचं, गुडघे वाकवायचे, पावलं जमिनीवर टेकवायची आणि ढुंगण वर उचलायचं. ग्लूट ब्रिजचं वर्णन एवढ्यातच संपतं, म्हणून तो शिकवायला कुणी फार वेळ देत नाही. कंबर दुखते म्हणून फिजिओथेरपीला येणाऱ्या अनेकांना पहिल्या चार-पाच व्यायामांत हा दिलेला असतो. आठवड्याने परत आल्यावर त्यांतले बरेच जण एकच गोष्ट सांगतात: "रोज केला, पण कंबरच भरून येते. मागे काही जाणवतच नाही." ज्या कंबरेला आराम मिळावा म्हणून नितंबांचा व्यायाम दिला, तिलाच जादा काम लागलेलं असतं.

मी फिजिओथेरपीच्या कामात आहे आणि ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की हल्ली मी पहिल्याच दिवशी माणसाला सांगते, तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी वर जायचंय. ब्रिज बिघडण्याची कारणं तशी बरीच असतात, पण बहुतेक सगळी शेवटी उंचीपाशी येऊन ठेपतात. खुब्याचा सांधा जिथे उघडायचा थांबतो, तिथे ब्रिज संपला. त्यापुढे जेवढं वर जाल तेवढं कंबरेचे मणके वाकवून जाता.

वर जाताना आत काय होतं

गुडघे वाकवून उताणं झोपलं की मांडी आणि धड यांच्यात कोन तयार होतो. ढुंगण उचललं की तो कोन खुब्यात उघडत जातो. हे उघडण्याचं काम मुख्यतः ग्लुटियस मॅक्सिमसचं, म्हणजे नितंबाच्या मोठ्या स्नायूचं. त्याला मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग मदत करतात. खांदा, खुबा आणि गुडघा एका रेषेत आले की खुबा सरळ झाला. निरोगी खुब्यात मांडी या रेषेच्या मागे साधारण १० ते २० अंश जाऊ शकते. म्हणजे कागदावर पाहिलं तर ब्रिजच्या टोकाला पोचल्यावरही खुब्यात थोडी जागा शिल्लक असायला हवी.

प्रत्यक्षात ती बऱ्याच जणांकडे नसते, कारण ब्रिजमध्ये गुडघा वाकलेला असतो. मांडीच्या पुढच्या बाजूला रेक्टस फेमोरिस नावाचा स्नायू आहे. तो कमरेच्या हाडाच्या पुढच्या भागापासून निघतो, खुब्यावरून आणि मग गुडघ्यावरून जातो. गुडघा वाकला की तो खालच्या टोकाकडून ताणला जातो, खुबा उघडला की वरच्या टोकाकडून. ब्रिजमध्ये दोन्ही एकदम होतं. तो स्नायू आखडलेला असेल तर खुबा पूर्ण सरळ व्हायच्या आधीच त्याची लांबी संपते, आणि तो कमरेच्या हाडाची पुढची कड खाली, मांडीकडे ओढतो. कमरेचं हाड पुढे झुकलं की कंबरेत खळगा पडतो. माणसाला आतून मात्र एवढंच कळतं, की आपण अजून थोडे वर गेलो.

याच वेळी कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू, इरेक्टर स्पायनी, आवळतात. ते ब्रिजमध्ये थोडं काम करणारच, त्यात काही वावगं नाही. कुणी म्हणेल की चांगल्या ब्रिजमध्ये कंबर पूर्ण शांत असते, तर ते खरं नाही. फरक कुणी सुरुवात केली आणि शेवटची उंची कुणी दिली यात असतो.

इंटरनेटवर या सगळ्याला "तुमचे ग्लूट्स झोपलेत" असं एक लोकप्रिय उत्तर मिळतं. नितंबाच्या मोठ्या स्नायूला जाणारी नस दुखावली असेल तर गोष्ट वेगळी, एरवी तो स्नायू झोपत वगैरे नाही. तुम्ही जिना चढता, खुर्चीतून उठता, तेव्हा तो काम करतच असतो. ब्रिजमध्ये तो कमी जाणवतो, कारण ज्या पट्ट्यात त्याला जोर लावायचा असतो तो पट्टा येण्याआधी किंवा येऊन गेल्यावर आपण कंबर वापरतो.

आपल्याकडे याला आणखी एक साधं कारण जोडलेलं आहे. पुष्कळ जणांनी योगवर्गात सेतुबंधासन आधी शिकलेलं असतं. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, पण सेतुबंधासनात छाती हनुवटीकडे आणायची असते, पाठीला कमान द्यायची असते, आणि त्या आसनाचा हेतूच तो आहे. ग्लूट ब्रिजमध्ये धड फळीसारखं एकसंध ठेवून फक्त खुबा उघडायचा. वर्षानुवर्षं आसन केलेल्या माणसाचं शरीर "पावलं टेकवून उताणं" म्हटलं की आपोआप कमानीकडे जातं. आसन चुकीचं नाही, ब्रिजही नाही, पण एकाच्या जागी दुसरं करून फायदा नाही.

आडवं होण्याआधी एक चाचणी

भिंतीला एक हात लावून उभे राहा. दुसऱ्या हाताने त्याच बाजूचा घोटा मागून धरा आणि टाच ढुंगणाकडे आणा. दोन्ही गुडघे शेजारी शेजारी हवेत, मागे गेलेला गुडघा पुढे यायला नको. आता टाच जवळ आणताना कंबरेकडे लक्ष द्या. कंबर न वाकवता टाच ढुंगणापासून चार बोटांच्या आत आली तर मांडीची पुढची बाजू पुरेशी मोकळी आहे. पोट पुढे येत असेल, कंबरेत खळगा पडत असेल, किंवा टाच वीतभर लांबच अडत असेल, तर ब्रिजमध्ये तुमचा खुबा लवकर थांबणार हे आधीच कळलं.

ही चाचणी मला आवडते, कारण ब्रिजच्या टोकाला पायाची जी स्थिती असते, गुडघा वाकलेला आणि खुबा सरळ, तीच इथे उभ्याने तपासली जाते. दोन्ही पायांवर करून बघा. एका बाजूला जास्त अडणं अगदी सर्रास दिसतं, आणि मग ब्रिज करताना कंबरेची एकच बाजू का भरते याचाही उलगडा होतो. ज्यांच्या पोटऱ्या किंवा मांड्या भरलेल्या आहेत त्यांची टाच मांसाला टेकूनही थांबेल. अशा वेळी टाचेचं अंतर सोडा, कंबर वाकते का एवढंच बघा. गुडघा पूर्ण वाकवणं दुखत असेल तर चाचणी करायला जाऊ नका.

मांडणी

जमिनीवर मॅट किंवा दुहेरी सतरंजी घाला. गादीवर हा व्यायाम करू नका. ढुंगण गादीत रुततं, कंबर कुठे आहे ते कळत नाही. डोक्याखाली उशी नको. मान फारच मागे जात असेल तर पातळ टॉवेलची घडी चालेल. जेवणानंतर दोनेक तास जाऊ द्यावेत.

पावलं खुब्यांच्या रुंदीइतकी किंवा किंचित जास्त फाकवून ठेवा. टाच आणि ढुंगण यांच्यात साधारण एक ते दीड वीत अंतर असू द्या. पक्कं अंतर वर गेल्यावर ठरतं, कारण टोकाला पोचल्यावर नडगी जमिनीला उभी दिसायला हवी. पावलं फार दूर असली की हॅमस्ट्रिंगवर भार जातो आणि मांडीत पेटका येतो. फार जवळ असली की गुडघा जास्त वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू आधीच ताणला जातो, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली कमरेच्या हाडाची ओढ सुरू. जवळ पावलं ठेवल्याने हॅमस्ट्रिंग आखूड स्थितीत जाऊन कमी काम करतात आणि नितंबांना जास्त वाटा मिळतो हे खरं आहे, त्यामुळे अनेक ट्रेनर "टाचा जवळ घ्या" सांगतात. ज्यांची मांडी पुढून मोकळी आहे त्यांना तो सल्ला लागू पडतो. चाचणीत ज्यांची कंबर वाकली त्यांनी तो ऐकू नये.

आता कंबर. तळहाताची मऊ बाजू पुढच्या दोन हाडांवर ठेवा, बेंबीच्या खाली दोन्ही बाजूंना जी टोचतात तीच, आणि बोटांची टोकं ओटीपोटाच्या खालच्या हाडाकडे जुळवा. पोटावर एक त्रिकोण तयार होतो. कमरेचं हाड म्हणजे पाण्याने भरलेलं पातेलं असं धरा. ते थोडं छातीकडे कलतं करायचं, की पाणी बेंबीकडे येईल. बोटांची टोकं किंचित वर येतात, कंबरेखालची पोकळी कमी होते. एक हात कंबरेखाली सरकवून बघा. आधी हात सहज जात होता, आता घासून जातो, एवढं पुरे. कंबर जमिनीत रुतवायची नाही. पूर्ण ताकद लावली तर पोट आवळून श्वास अडकतो आणि पुढे हलायला काही उरत नाही. अर्ध्याहून कमी जोर हवा.

या छोट्या कलण्याने दोन कामं होतात. कमरेचं हाड मागे कलवायला नितंबांचे स्नायू आणि पोटाचे स्नायू लागतात, म्हणजे उचलायच्या आधीच नितंब कामाला लागले. दुसरं, कण्याच्या बाजूचे स्नायू कंबरेत खळगा पाडतात. खळगा आधीच घालवला तर त्यांना सुरुवात करायची संधी मिळत नाही. खळगा ठेवून उचलायला घेतलं, तर ते आधीच आवळलेले असतात आणि पहिला झटका तेच देतात. माझ्या मते ब्रिजचा निम्मा निकाल ढुंगण जमिनीवर असतानाच लागलेला असतो.

बरगड्यांचंही बघायला हवं. तोंडाने सावकाश, फुंकर घातल्यासारखा श्वास सोडा, अगदी शेवटपर्यंत. खालच्या बरगड्या जमिनीकडे बसतात आणि पोट हलकं आवळतं. त्या तिथेच राहू द्या आणि नाकाने थोडा श्वास घ्या.

उचलणं

पुन्हा श्वास सोडायला लागा आणि त्याच वेळी पावलं जमिनीत दाबा. टाच आणि अंगठ्याचं बूड, दोन्हींवर वजन हवं. चवडे हवेत उचलून फक्त टाचांवर करण्याची एक पद्धत आहे. मला तिची गरज वाटत नाही, आणि काहींना त्याने मांडीत लवकर पेटका येतो. पावलं दाबताना जमीन समोरच्या भिंतीकडे ढकलतोय असा जोर लावा, म्हणजे गुडघे पावलांच्या दिशेने पुढे जातील. टाचा स्वतःकडे ओढल्या की हॅमस्ट्रिंग पुढाकार घेतात. पावलं जागची हलत नाहीत, फक्त जोराची दिशा बदलते, पण मागे कुठे जाणवतं यात या दिशेने फरक पडतो.

आधी माकडहाड सुटतं, मग कंबर, मग पाठीचा मधला भाग. वर जायला दोन सेकंद द्या. खांद्याची पाती जमिनीवरच राहतात. भार पाठीच्या वरच्या भागावर आणि पावलांवर येतो, मानेवर नाही. मान मोकळी आहे का हे बघायला वर असताना डोकं डावी-उजवीकडे जरासं फिरवता आलं पाहिजे.

थांबायचं कुठे, हा खरा प्रश्न. मी सांगते ती खूण अशी: एक तळहात खालच्या बरगड्यांवर ठेवा. वर जाताना बरगड्या आणि ओटीपोटाचं हाड यांच्यातलं अंतर तेवढंच राहिलं पाहिजे. ज्या क्षणी बरगड्या हाताला वर ढकलायला लागतात, तो क्षण तुमच्या खुब्याचा शेवट. तिथून दोन बोटं खाली या. तुमची उंची ती. काहींमध्ये ती खांदा-खुबा-गुडघ्याच्या रेषेपर्यंत येते, काहींमध्ये रेषेच्या जरा खाली राहते, आणि खाली राहिली तरी आज तेवढंच करायचं.

टोकाला दोन-तीन सेकंद थांबा आणि तिथे नितंब आणखी आवळा. आवळल्यावर ढुंगण तसूभर वर गेलं तरी चालेल, कारण ते खुब्यातून गेलं. श्वास रोखू नका. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी तर मुळीच नको. उतरताना तीन सेकंद घ्या आणि ढुंगण टेकेपर्यंत ते कलणं सोडू नका. बहुतेकांचा खळगा उतरताना परत पडतो, कारण वरचं काम झालं म्हणून लक्ष सुटतं. पूर्ण टेकलं की सैल सोडा, आणि प्रत्येक वेळी नव्याने मांडणी करा. आठ वेळा उसळी मारून वर-खाली करण्यापेक्षा हे फार संथ वाटतं, पण मधली मांडणी वगळली की तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून कंबर परत येते.

कुणी काम केलं हे हाताने कळतं

वर असताना अंगठ्याने नितंबाच्या मधोमध दाबा. स्नायू काम करत असेल तर अंगठा आत जात नाही. मग तोच अंगठा कंबरेत, कण्याच्या दोन बोटं बाजूला दाबा. दोन्ही जागा कडक लागतील, पण नितंब कंबरेपेक्षा स्पष्ट कडक हवा. नितंब मऊ आणि कंबर ताठ, असं आढळलं तर उंची कमी करा आणि परत दाबून बघा. बऱ्याचदा दोन-तीन इंच खाली आल्यावर अंगठ्याखालचा स्नायू अचानक घट्ट होतो. तो बदल स्वतःच्या हाताला एकदा कळला की पुढे शब्दांची फार गरज उरत नाही.

दुसरी पडताळणी फोनची. फोन जमिनीवर, मॅटपासून पाच-सहा फुटांवर, खुब्याच्या रेषेत आडवा टेकवा आणि बाजूने व्हिडिओ घ्या. सैल कुर्ता नको, नाहीतर कंबर दिसतच नाही. थांबवून बघताना फक्त बरगडीपासून खुब्यापर्यंतची रेष पाहा. ती पोटाकडून फुगलेली दिसली तर कमान आहे.

दुसऱ्या दिवशीचं दुखणंही बोलकं असतं. नितंब जड वाटले, जिना चढताना जाणवले, तर ठीक. कंबरेत थकल्यासारखं वाटलं तर उंची कमी करायची. पण कंबरेत टोचल्यासारखी कळ येणं, पायात खाली जाणारी चमक, मुंग्या, बधिरपणा, यांपैकी काही झालं तर व्यायाम थांबवून दाखवून घ्या. मणका पुढे सरकलेला आहे असं ज्यांना सांगितलंय, ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, किंवा गरोदरपणाचा निम्मा काळ उलटलाय, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच करावा. लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा जांघेच्या मधल्या भागात बधिरपणा येणं ही तर थेट इस्पितळात जायची लक्षणं.

एक उदाहरण

आमच्याकडे एक बाई येत. घरी शिकवण्या घेणाऱ्या, वय पंचेचाळिशीच्या पुढे, योगवर्ग बरीच वर्षं चालू. तक्रार नेहमीचीच, ब्रिज केला की संध्याकाळी कंबर भरते, उजवीकडे जास्त. करून दाखवायला सांगितलं तर सुंदर कमान. ढुंगण इतकं वर की गुडघे पावलांच्या पुढे गेलेले, छाती हनुवटीपाशी. त्या वर असतानाच मी अंगठा दाबला. नितंब मऊ, कंबर दोरीसारखी.

उभ्याने चाचणी घेतली. डावी टाच चार बोटांवर आली, उजवी वीतभर लांब अडली आणि त्यापुढे आणताना पोट पुढे आलं. उजव्या बाजूचं कोडं तिथेच सुटलं. दोन्ही पाय एकत्र वर जाताना उजवा खुबा आधी संपत होता आणि कंबरेची उजवी बाजू उरलेली उंची भरून काढत होती.

पहिला बदल पावलांचा. त्या टाचा अगदी ढुंगणाजवळ घेत असत, त्या चार बोटं पुढे सरकवल्या. मग श्वास आणि कलणं, आणि बरगड्यांवर हात ठेवून वर जाणं. हाताने थांब म्हटलं तेव्हा त्या आधीच्या उंचीच्या जेमतेम दोन तृतीयांश वर होत्या. "मॅडम, एवढंच? मग व्यायाम कसला झाला?" मी म्हटलं, आता इथे थांबून नितंब आवळा. तिसऱ्या सेकंदाला पाय थरथरायला लागले आणि प्रश्न मिटला.

मात्र चौथ्या वेळेला उजव्या मांडीत मागून पेटका आला. पावलं पुढे सरकवल्याची ती किंमत होती. मांडी मोकळी करून पावलं दोन बोटं परत जवळ घेतली आणि जमीन भिंतीकडे ढकलायची सूचना दिली. पेटका परत आला नाही. घरी करायला दिलं ते असं: आधी उजव्या मांडीचा पुढचा ताण, एक गुडघा उशीवर टेकवून, दुसरा पाय पुढे, टेकलेल्या बाजूचा नितंब आवळून ३० सेकंद, दोनदा. डावीकडे एकदा. मग ब्रिज, आठ-आठचे दोन सेट, टोकाला तीन सेकंद थांबून, दिवसाआड.

पहिल्या आठवड्यात कंबर भरणं कमी झालं, पण गेलं नाही. विचारल्यावर कळलं, त्या शेवटच्या दोन वेळा "राहिलंय म्हणून" ओढून पूर्ण करत होत्या. आठऐवजी सहाच करायला सांगितलं. महिन्याभरात उजवी टाच पाच बोटांवर आली आणि उंचीही आपसूक वाढली. सेतुबंधासन त्यांनी सोडलं नाही, मी सांगितलंही नाही. फक्त दोन्ही एकाच दिवशी पाठोपाठ करू नका म्हटलं, म्हणजे शरीराला कोणतं चाललंय ते कळेल.

तरी जाणवत नसेल तर

सगळं जुळूनही काहींना नितंबात काही कळत नाही. अशांनी गुडघ्यांच्या जरा वर, मांड्यांभोवती ओढणी बांधावी, गुडघे खुब्यांच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त फाकतील इतकी सैल. वर जाताना आणि वर असताना मांड्या बाहेरच्या बाजूला ओढणीत दाबायच्या. नितंबाचा मोठा स्नायू मांडी मागे नेतो तशी बाहेरही फिरवतो, त्यामुळे बाहेर दाबलं की तो अधिक आवळतो. रबरी पट्टा असेल तर उत्तम, पण त्यासाठी विकत घ्यायलाच हवा असं नाही. जोर मध्यम ठेवा. इतकं दाबू नका की पावलांच्या आतल्या कडा जमिनीवरून उचलल्या जातील.

हेही जमलं नाही तर उलट क्रमाने या. पालथं झोपा, पोटाखाली उशी घ्या आणि एक-एक नितंब नुसता आवळून पाच सेकंद धरा, पाय न उचलता. कुठे काय आवळायचं हे इथे सापडलं की मग ब्रिजकडे वळा.

किती करायचा आणि पुढे कधी जायचं

आठवड्यातून तीन-चार दिवस, आठ ते दहाचे दोन-तीन सेट पुरतात. संख्येपेक्षा एक नियम पाळा: जाणीव नितंबातून कंबरेत सरकली की सेट तिथेच संपवा, सहावी वेळ असो की तिसरी. अशाने पहिले काही दिवस आकडे छोटे दिसतील.

दहाचे तीन सेट टोकाला पाच सेकंद थांबून, कंबर मध्ये न येता जमायला लागले की भार वाढवायचा. घरात पाच किलो तांदळाची पिशवी असेल तर ती ओटीपोटाच्या खाली, जांघेच्या घडीवर आडवी ठेवा आणि हाताने धरा. पोटावर ठेवली तर श्वास दबतो आणि बरगड्या वर येतात. वजन वाढवल्यावर उंची परत बरगड्यांवर हात ठेवून ठरवा, कारण वजनाखाली शरीर जुन्या सवयीकडे पटकन वळतं.

त्यानंतरची पायरी एका पायाच्या ब्रिजची, पण तिथे थेट उडी मारू नका. मध्ये पावलं उचलण्याचा ब्रिज करा. दोन्ही पायांनी वर जाऊन थांबा, मग एक पाऊल जमिनीपासून फक्त दोन बोटं उचला, दोन सेकंदांनी टेकवा, मग दुसरं. पाऊल उचलल्यावर त्या बाजूचं ढुंगण खाली झुकत असेल किंवा कंबर एका बाजूला पिळत असेल तर एका पायाचा ब्रिज अजून लांब आहे. पोटावर अंगाच्या लांबीने ठेवलेला पेन घरंगळत नाही इतकी कमरेची हाडं समपातळीत राहायला लागली, दोन्हीकडे सहा-सहा वेळा, की एका पायावर उचलून बघायला हरकत नाही. तेव्हाही उंची पहिल्या दिवसाइतकीच कमी धरून सुरुवात करा.